अधिसूचनेच्या फोटोवरून भाषांतर: खंड-उपखंड का घसरतात, व्याख्येतले शब्द का बदलतात, आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची

मागच्या उन्हाळ्यात एका ग्राहक संघटनेच्या कार्यकर्त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ फोटो पाठवले. भारताच्या राजपत्राची पानं होती. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२०, म्हणजे ऑनलाइन खरेदी-विक्रीबाबतचे केंद्र सरकारचे नियम, अधिसूचना २३ जुलै २०२० ची. त्यांच्याकडे मराठी भाषांतर आधीच होतं आणि ते बैठकांमध्ये वाचूनही दाखवलं जात होतं. एका बैठकीत एका गृहस्थांनी विचारलं, "मी घरातलं जुनं कपाट ऑनलाइन विकलं, तर मला सूट आहे ती फक्त अनुचित व्यापारी प्रथांपुरती का? बाकीचे नियम मला लागू?" उत्तर कोणालाच देता येईना. मग कार्यकर्त्याने मला फोन केला, "ताई, कागद बघून सांगता का, असं खरंच लिहिलंय?"

तसं लिहिलेलं नव्हतं. भाषांतरात इतरही चुका होत्या, पण हा गोंधळ झाला तो एक परिच्छेद एक पायरी खाली सरकल्यामुळे. हा प्रश्न मला इतक्या वेळा भेटला आहे की त्याची कारणं आणि तपासण्याची रीत एकदा सविस्तर लिहून ठेवते. उदाहरण याच नियमांचं घेते.

नेमकं काय बिघडलं होतं

नियम २ मध्ये हे नियम कशाला लागू होतील ते सांगितलं आहे. पोटनियम (१) खाली (a) ते (d) असे चार खंड आहेत: डिजिटल जाळ्यावर विकला जाणारा सगळा माल आणि सेवा, ई-वाणिज्याची सगळी प्रारूपं, सगळी किरकोळ ई-विक्री, आणि सगळ्या प्रकारच्या अनुचित व्यापारी प्रथा. (d) संपला की लगेच 'प्रोव्हायडेड दॅट'ने सुरू होणारा, अपवाद सांगणारा परिच्छेद येतो, त्यालाच परंतुक म्हणतात. नैसर्गिक व्यक्तीने वैयक्तिक नात्याने केलेली, नियमित किंवा पद्धतशीर धंद्याचा भाग नसलेली कृती या नियमांतून वगळली आहे, असं तो म्हणतो. त्यानंतर पोटनियम (२).

फोटोत पान कडेला वळलेलं होतं, त्यामुळे डाव्या समासाची रेघ तिरकी दिसत होती. खंडांचा मजकूर आणि 'प्रोव्हायडेड दॅट' एकाच अंतरावर सुरू होतात असं वाटत होतं. भाषांतर करणाऱ्याने तो परिच्छेद (d)च्या, म्हणजे मराठीतल्या (घ)च्या पोटात, त्याच समासाने टाइप केला. वाचणाऱ्याने साहजिकच सूट फक्त (घ)पुरती समजली.

परंतुक कोणत्या पातळीचं आहे हे समासावरून ठरवूच नये. राजपत्राच्या छपाईतही समास दर वेळी विश्वासाचा नसतो, फोटोत तर नाहीच. दोन खुणा जास्त भरवशाच्या आहेत. पहिली, विरामचिन्ह. आपल्याकडच्या कायद्याच्या मसुद्यात परंतुकाच्या आधीचा मजकूर सहसा अपूर्णविरामाने, म्हणजे दोन टिंबांनी, थांबतो. (a) आणि (b) अर्धविरामाने संपतात, (c) अर्धविराम आणि 'अँड' ने, आणि (d) दोन टिंबांनी. पुढे परंतुक येणार हे त्यावरून कळतं, पण ते (d)चं की सगळ्या पोटनियमाचं हे अजून कळत नाही.

ते दुसऱ्या खुणेवरून कळतं, आणि तीच खरी. परंतुकातलं क्रियापद घ्या आणि वरच्या कोणत्या ओळीत तेच क्रियापद आहे ते शोधा. परंतुक म्हणतं, 'हे नियम लागू होणार नाहीत'. 'लागू होतील' हे क्रियापद खंड (d) मध्ये नाही. खंड (d) म्हणजे नुसता एक शब्दसमूह आहे, त्याला स्वतःचं क्रियापदच नाही. ते आहे पोटनियम (१)च्या पहिल्या ओळीत. परंतुक ज्या विधानाला अपवाद करतं त्या विधानाचंच ते असतं, म्हणून हे परंतुक पोटनियम (१)चं. मराठीत ते खंडांच्या समासातून बाहेर काढून पोटनियमाच्या समासावर आणायचं, बस. त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा गुंता एवढ्याने सुटला.

आधी सांगाडा, मग भाषांतर

फोटो समोर ठेवून पहिल्या ओळीपासून भाषांतर सुरू करणं ही या सगळ्या चुकांची मुळातली सवय. मी आधी फक्त क्रमांकांचा सांगाडा लिहून काढते. प्रत्येक ओळीला पूर्ण पत्ता द्यायचा, नुसतं (d) नाही. परंतुक, स्पष्टीकरण आणि खंड संपल्यावर येणारी सामायिक शेपटाची ओळ यांना क्रमांक नसतो, म्हणून त्यांनाही पत्ता देऊन ठेवायचा.

```
2(1)            हे नियम लागू होतील
2(1)(a)
2(1)(b)
2(1)(c)         शेवटी: आणि
2(1)(d)         शेवटी: दोन टिंबं
2(1)-परंतुक     हे नियम लागू होणार नाहीत
2(2)            (1) मध्ये काहीही असले तरी
```

नियम छोटे असतील तर याला अर्धा तास लागतो. भाषांतर पूर्ण झालं की मराठी मजकुरावरून, मूळ न बघता, असाच सांगाडा पुन्हा काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. ओळींची संख्या जुळली नाही तर कुठेतरी खंड गळला किंवा दोन खंड एक झाले. पत्ते जुळले नाहीत तर पायरी घसरली. दुसऱ्या माणसाकडून हा सांगाडा काढून घेता आला तर फारच चांगलं, कारण आपल्याला आपलं भाषांतर पाठ असतं.

सांगाडा काढतानाच फोटोंचे दोष उघडे पडतात. पान सुटलेलं असतं, किंवा डावीकडची क्रमांकांची पट्टी फोटोच्या कडेला कापली गेलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, त्यामुळे (1), (l) आणि (i) एकसारखे दिसतात. पाठवणाऱ्याला सांगावं, फोटो म्हणून नको, Document म्हणून पाठवा, आणि पान सपाट धरून चारही कडा दिसतील असा काढा.

केंद्राच्या राजपत्राच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. असाधारण राजपत्रात हिंदी मजकूर आधी आणि इंग्रजी नंतर असतो, आणि अंकाची पीडीएफ egazette.gov.in वर मिळते. मंत्रालय आणि तारीख टाकून शोधता येतं. या अधिसूचनेचा क्रमांक G.S.R. 462(E) आहे. यातलं (E) हे खंडाचं अक्षर नाही, 'असाधारण' या अर्थाचं आहे. हिंदी भागात तेच 'सा.का.नि. ४६२(अ)' असं छापतात. मी या (E)चं '(ङ)' झालेलं पाहिलं आहे. पीडीएफ मिळाली तर ती पडताळणीला वापरावी. पण ज्याने फोटो दिला त्याला त्याच कागदाचं भाषांतर हवं असेल, समजा तो कागद एखाद्या अर्जाला जोडलेला असेल, तर फोटोत न दिसणारा मजकूर पीडीएफवरून गुपचूप भरू नये. तिथे '[छायाचित्रात अवाच्य]' असं लिहावं आणि पीडीएफमधला मजकूर वेगळ्या टिपेत द्यावा.

हिंदी भाग शेजारी ठेवून पायऱ्या तपासायला हरकत नाही, पण शब्द उचलू नयेत. हिंदीतलं 'धारा' आपल्याकडे 'कलम', 'उपधारा' म्हणजे 'पोटकलम', 'उपनियम' म्हणजे 'पोटनियम'. 'खंड', 'उपखंड' आणि 'परंतुक' दोन्हीकडे तेच. अर्धे शब्द सारखे असल्यामुळे उरलेले अर्धे नकळत आत शिरतात, आणि मग एकाच भाषांतरात कुठे 'पोटनियम (१)' तर कुठे 'उपनियम (१)' येतं. वाचणाऱ्याला या दोन वेगळ्या पायऱ्या वाटतात.

(i) म्हणजे नववं अक्षर की रोमन एक

हा प्रश्न फोटोत हमखास येतो, कारण पान नेमकं तिथेच संपतं. उत्तर शेजाऱ्यांवरून काढायचं. आधी (h) असेल आणि नंतर (j) येत असेल तर ते अक्षर. आधीची ओळ 'पुढीलप्रमाणे' अशा अर्थाने, म्हणजे दोन टिंबांनी किंवा रेघेने, उघडी सोडलेली असेल आणि नंतर (ii) येत असेल तर ती एक पायरी खालची रोमन मालिका. दोन्ही बाजूचे शेजारी दिसत नसतील तर पुढचं पान मिळेपर्यंत त्या ओळीचा पत्ता पक्का करू नये.

याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये आहे. कलम ८(१)(i) मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांबद्दल आहे. तिथे (h) आधी आणि (j) नंतर आहे, म्हणून ते अक्षर. क, ख, ग असं मोजत गेलं तर ते (झ) होतं, आणि त्यापुढचं (j) होतं (ञ). वैयक्तिक माहितीचं कारण देऊन अर्ज नाकारताना जे कलम लिहितात ते हेच. आता (j) चा उच्चार 'जे', म्हणून कित्येकजण 'कलम ८(१)(ज)' लिहून मोकळे होतात. पण (ज) हे आठवं अक्षर आहे, म्हणजे (h), आणि तिथे तपासात किंवा खटल्यात अडथळा आणणाऱ्या माहितीचा अपवाद आहे. एका अक्षराने नकाराचं कारणच बदलतं, आणि अपील करणारा भलत्याच कारणाविरुद्ध मुद्दे लिहीत बसतो.

म्हणून मालिका आधी ठरवा. मराठीत दोन मालिका चालतात. कायद्याच्या मराठी पाठांत (क), (ख), (ग), (घ), (ङ) अशी असते आणि रोमन आकड्यांच्या जागी (एक), (दोन), (तीन) येतात. कार्यालयीन टिपणांत आणि परिपत्रकांत (अ), (ब), (क), (ड) चालते. दोन्ही ठीक आहेत, पण (क) पहिल्या मालिकेत पहिलं अक्षर आहे आणि दुसरीत तिसरं. दोन माणसांनी पानं वाटून घेतली आणि एकाने एक, दुसऱ्याने दुसरी मालिका धरली, की 'खंड (क) मध्ये उल्लेखिलेली' या शब्दांचा अर्थ पानागणिक बदलतो. मी कायद्याचीच मालिका धरते. तिच्यात z पर्यंत मोजता येतं (z म्हणजे य), आणि पुढचे za, zb वगैरे 'यक', 'यख' असे सरळ बसतात. या नियमांच्या उद्देशिकेतच (zg) आलं आहे, ते (यछ) होतं.

मात्र भाषांतर मूळ इंग्रजीशेजारी ठेवून वाचलं जाणार असेल, न्यायालयात किंवा वकिलाकडे जाणार असेल, तर मी अक्षरं बदलतच नाही. (a) ला (a) ठेवते आणि वर एका ओळीत तसं सांगते. मराठी दिसावं म्हणून वाचणाऱ्याला प्रत्येक संदर्भ बोटांवर मोजायला लावणं मला पटत नाही.

वर्डमध्ये टाइप करत असाल तर आणखी एक सापळा आहे. तुम्ही (i) टाइप करून मजकूर लिहिला आणि एंटर दाबलं की वर्ड आपोआप रोमन मालिका सुरू करून पुढे (ii) घालतं, मुळात तिथे (j) असलं तरी. मधेच एखादा परिच्छेद घातला तर पुढचे सगळे क्रमांक सरकतात, पण वाक्यांच्या आत लिहिलेले 'खंड (ग)' असे संदर्भ जुनेच राहतात. ही सोय बंद करून क्रमांक हाताने टाइप करावेत:

```
File > Options > Proofing > AutoCorrect Options
AutoFormat As You Type > Automatic numbered lists
```

इथली खूण काढून टाकायची. समासासाठी प्रत्येक पायरीची एक स्टाइल करून ठेवली की परंतुकाला पोटनियमाची स्टाइल लावणं एका क्लिकचं काम होतं.

'नाही' कुठे गेलं

पायऱ्या बरोबर असूनही अर्थ उलटा होण्याची एक जागा आहे, आणि ती मराठीच्या वाक्यरचनेमुळे येते. नियम ४ चा पोटनियम (११) बघा. इंग्रजीत नकार सुरुवातीलाच आहे, 'कोणतीही ई-वाणिज्य संस्था करणार नाही', मग रेघ, आणि खाली दोन खंड: (a) अवाजवी नफ्यासाठी किमतीत फेरफार करणं, (b) एकाच वर्गाच्या ग्राहकांमध्ये भेदभाव करणं. इंग्रजीत डोक्यावरचा नकार खालच्या सगळ्या खंडांवर आपोआप पडतो. मराठीत क्रियापद आणि नकार शेवटी जातात. मी तपासलेल्या भाषांतरात असं झालं होतं:

'(११) कोणतीही ई-वाणिज्य संस्था,— (क) अवाजवी नफा मिळवण्यासाठी किमतीत फेरफार करील. (ख) एकाच वर्गातील ग्राहकांमध्ये भेदभाव करणार नाही.'

लिहिणाऱ्याच्या मनात शेवटचं 'नाही' दोन्हींना लागू होतं. कागदावर मात्र (क) ने फेरफाराची परवानगी दिली. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे प्रत्येक खंडाच्या शेवटी 'करणार नाही' पुन्हा लिहायचं. ते जड वाटतं, पण कोणी एकच खंड उचलून उद्धृत केला तरी अर्थ शाबूत राहतो, म्हणून मी हेच करते. दुसरा म्हणजे खंडांचा मजकूर 'फेरफार करणे;', 'भेदभाव करणे,' असा अपुरा ठेवायचा आणि खाली स्वतंत्र ओळीत 'यांपैकी कोणतीही गोष्ट करणार नाही.' अशी शेपटाची ओळ द्यायची. तसं केलंत तर ती ओळ पोटनियमाच्या समासावर हवी. खंडांच्या समासात ती गेली की ती फक्त शेवटच्या खंडाची होते, म्हणजे परंतुकाचंच दुखणं परत.

तपासायला सोपं आहे. सांगाड्यात जिथे जिथे खंडांच्या वरच्या ओळीत नकार आहे तिथे खूण करा. मराठीत तिथले सगळे खंड एकेकटे, वरची ओळ जोडून, मोठ्याने वाचा. दहा मिनिटांत कळतं.

व्याख्येतले शब्द

आता दुसरा अर्धा भाग. व्याख्या नियम ३ मध्ये आहेत. त्यांतली 'ग्रीव्हन्स'ची व्याख्या त्या भाषांतरात अशी आली होती: '"तक्रार" यामध्ये, अधिनियमाच्या तरतुदींच्या उल्लंघनाबाबत ई-वाणिज्य संस्थेकडे केलेल्या तक्रारींचा समावेश होतो.' तक्रार म्हणजे तक्रार. मूळात 'ग्रीव्हन्स' आणि 'कम्प्लेंट' असे दोन शब्द आहेत, आणि 'कम्प्लेंट' या शब्दाला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये स्वतःची वेगळी व्याख्या आहे, दाद मिळवण्यासाठी तक्रारदाराने केलेला लेखी आरोप अशी. नियमांत व्याख्या नसलेल्या पण अधिनियमात असलेल्या शब्दांना अधिनियमातलाच अर्थ, असंही नियम ३ सांगतो. म्हणजे दोन शब्द एक करून चालणारच नाही. एखाद्या जागी अधिनियमातला अर्थ लागतो की नाही हे वकील ठरवेल, पण शब्द वेगळे राहिले तरच त्याला ठरवता येईल.

शब्द शोधायला लांब जावं लागत नाही. वीज ग्राहकांसाठीच्या मंचाला आपण 'ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच' म्हणतोच. म्हणून 'ग्रीव्हन्स'ला 'गाऱ्हाणे' आणि 'कम्प्लेंट'ला 'तक्रार'. मग नियम ४ चा पोटनियम (५) नीट उभा राहतो: 'गाऱ्हाणे अधिकारी ग्राहकाच्या तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांच्या आत देईल आणि तक्रार मिळाल्याच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत तिचे निवारण करील, याची प्रत्येक ई-वाणिज्य संस्था खात्री करील.' 'तक्रार निवारण अधिकारी' जास्त रुळलेला आहे हे मला मान्य आहे, पण इथे रुळलेपणापेक्षा फरक टिकणं महत्त्वाचं.

दुसरा शब्द परंतुकातला, 'नॅचरल पर्सन'. भाषांतरात तिथे नुसतं 'व्यक्ती' होतं. अधिनियमातल्या 'व्यक्ती'मध्ये भागीदारी संस्था, सहकारी संस्था, कंपनी सगळे येतात. त्यामुळे 'व्यक्तीने वैयक्तिक नात्याने' असं लिहिलं की हाडामांसाच्या माणसापुरती असलेली सूट कंपनीलाही मिळाल्यासारखी वाटते. 'नैसर्गिक व्यक्ती' हा शब्द कानाला परका वाटला तरी तोच ठेवावा लागतो. 'माणूस' लिहिलं तर अर्थ चालेल, पण मग 'व्यक्ती'शी असलेलं नातं तुटतं.

आणि तिसरी गोष्ट, शब्दात शब्द. 'ई-वाणिज्य संस्था' ही एक व्याख्या, आणि तिच्यावर उभ्या दोन: बाजारपेठ पुरवणारी आणि स्वतःचा साठा विकणारी. मी 'बाजारपेठ ई-वाणिज्य संस्था' आणि 'साठाधारक ई-वाणिज्य संस्था' असे शब्द घेतले. ते सुटसुटीत नाहीत, पण मूळ शब्द दोन्हींच्या आत अख्खा दिसतो, आणि म्हणूनच वाचणाऱ्याला कळतं की नियम ४ मधली कर्तव्यं दोघींनाही आहेत. पहिल्या भाषांतरात तिथे 'कंपनी', 'पोर्टल' आणि 'ऑनलाइन दुकान' असे आलटून पालटून शब्द होते. शाळेत एकच शब्द सारखा वापरू नये असं शिकवतात. कायद्यात उलट आहे. नवा शब्द दिसला की नवी गोष्ट आहे असंच वाचायचं असतं.

भाषांतर सुरू करण्याआधी नियम ३ पुरा वाचून शब्दांची यादी करा, आणि प्रत्येक शब्दापुढे 'म्हणजे' की 'यात समावेश होतो' हेही लिहा. 'मीन्स' असेल तर व्याख्या बंद आहे, तेवढंच आणि तेच. 'इन्क्लूड्स' असेल तर उघडी आहे. 'गाऱ्हाणे'ची व्याख्या उघडी आहे, तिला 'म्हणजे' लावलं तर ती आपण बंद केली. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश shabdakosh.marathi.gov.in वर बघता येतो. त्यात एकाला दोन पर्याय दिलेले असतात. कोणताही घ्या, पण घेतलेला शेवटपर्यंत एकच ठेवा.

शेवटी संगणकावर शोध घेऊन शब्द सारखे आले का ते तपासताना एक मराठी अडचण येते. आपल्या शब्दांची रूपं बदलतात. 'विक्रेता' शोधलं तर 'विक्रेत्याने', 'विक्रेत्यांना' सापडत नाहीत, आणि नेमके तेच जास्त असतात. म्हणून शब्द शोधायचा तो न बदलणाऱ्या भागापर्यंतच:

```
विक्रेत
गाऱ्हाण
तक्रार
वापरकर्त
ई-वाणिज्य संस्थ
```

'गाऱ्हाण' शोधूनही काही जागा सुटल्या तर दोष शुद्धलेखनाचा नसेल. हा अर्धा र दोन प्रकारांनी टाइप होतो, काही कीबोर्ड 'ऱ' वापरतात आणि काही साध्या 'र'ला हलन्त देऊन एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधयंत्राला वेगळे. दोघांनी मिळून काम केलं असेल तर हे हमखास होतं. अशा वेळी नुसतं 'हाण' शोधा, दोन्ही प्रकार समोर येतात, आणि सगळे एकाच प्रकाराने बदलून घ्या. मग मूळ इंग्रजीतही तोच शब्द मोजा. मूळात 'ग्रीव्हन्स' जितक्या वेळा आहे तितकीच 'गाऱ्हाणे'ची रूपं हवीत. मराठीत सर्वनामाने एखादा कमी झाला तर तो कुठे ते दाखवता आलं पाहिजे.

त्या कार्यकर्त्याला दुरुस्त प्रत दिली तेव्हा त्याने विचारलं, "आता हे कायमचं बरोबर ना?" तसं सांगता येत नाही. याच नियमांतल्या नियम ४ मध्ये २०२१ साली नोडल अधिकाऱ्याबाबत दुरुस्ती झाली आहे आणि फोटो २०२० च्या पानांचे होते. म्हणून शीर्षकाखाली मी ही ओळ घातली: 'हे भाषांतर दिनांक २३ जुलै २०२० च्या राजपत्रात छापलेल्या मजकुराचे आहे, त्यानंतरच्या दुरुस्त्या यात घेतलेल्या नाहीत. खंडांची अक्षरे क, ख, ग या क्रमाने आहेत.'